ओव्हरक्लॉकनंतर डिस्प्ले येत नाही आणि सेल काढूनही पीसी उठत नाही, तेव्हा

लक्षण सगळीकडे सारखंच असतं. बायोसमध्ये रॅमचा किंवा प्रोसेसरचा वेग वाढवला, एफ१० दाबून सेव्ह केलं, पीसी रीस्टार्ट झाला आणि त्यानंतर डिस्प्ले आलाच नाही. पंखे फिरतात, कॅबिनेटचे दिवे लागतात, पण मॉनिटर `No Signal` दाखवून झोपी जातो. कीबोर्डवर नम लॉक दाबलं तरी दिवा बदलत नाही. कुणीतरी सांगतं, बोर्डवरचा सेल काढून परत घाल. तेही करून होतं आणि तरी काही फरक पडत नाही. मग बोर्डच गेला असं समजून नवा बोर्ड बघायला कोल्हापुरात राजारामपुरी गाठली जाते.

बहुतेक वेळा बोर्ड ठणठणीत असतो. सेल काढलेला असतो, पण ज्या जागेची वीज तोडायची होती ती तुटलेलीच नसते.

सेल काढल्यानं नेमकं काय होतं

जुन्या बोर्डांवर बायोसची सेटिंग एका छोट्या मेमरीत असायची आणि ती मेमरी सेलच्या जोरावर जिवंत राहायची. सेल काढला की सेटिंग पुसली जायची. आजच्या यूईएफआय बोर्डांवर बरीचशी सेटिंग फ्लॅश चिपमध्ये असते आणि फ्लॅशला टिकून राहायला वीज लागत नाही. तरीही सेल काढण्याचा उपाय चालतो, कारण चिपसेटमध्ये घड्याळाचा एक छोटा भाग कायम चालू असतो. त्याची वीज एकदा तुटली की तशी खूण तिथं उमटते. पुढच्या वेळी पीसी सुरू होताना बायोस ही खूण बघतो, साठवलेल्या सेटिंगवर विश्वास ठेवत नाही आणि कारखान्यातली मूळ मूल्यं घेतो.

म्हणजे आपलं काम एवढंच, की त्या घड्याळाच्या भागाला क्षणभर तरी कुठूनही वीज मिळता कामा नये. दुसरीकडून थोडी जरी मिळत राहिली, तर खूण उमटत नाही आणि तीच बिघडलेली सेटिंग पुन्हा लागू होते.

आणि दुसरीकडून वीज मिळतेच. पीसी बंद असला तरी एसएमपीएसला वायर लावलेली असेपर्यंत तो बोर्डला ५ व्होल्टची स्टँडबाय लाइन देत राहतो. बोर्डवर सेल आणि ही लाइन यांच्यामध्ये डायोड असतात. दोघांपैकी ज्याचा दाब जास्त, त्याच्याकडून घड्याळ चालतं. प्लग लावलेला असताना सेलला जवळपास काहीच काम नसतं, म्हणून तर तो वर्षानुवर्षं टिकतो. त्यामुळे प्लग तसाच ठेवून सेल काढणं म्हणजे काहीच न करणं.

आपल्याकडे यात आणखी एक फसगत होते ती यूपीएसची. लाइटीचा भरवसा नसल्यामुळे डेस्कटॉपच्या मागे यूपीएस असतोच. भिंतीवरचं बटण बंद केलं की माणसाला वाटतं वीज तुटली, पण यूपीएस आपल्या बॅटरीवर एसएमपीएसला वीज देत राहतो. तो टीं टीं करत असतो आणि लक्ष सगळं सेलकडे असतं. म्हणून वायर भिंतीतून नाही, एसएमपीएसच्या पाठीतून उपटायची.

एक उदाहरण धरून बघू

उद्यमनगरातल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये ड्रॉइंगसाठी ठेवलेला पीसी घेऊ. रायझन ५ ३६००, बी४५० चिपसेटचा बोर्ड, ८ जीबीच्या दोन डीडीआर४ ३२०० रॅम. कुणीतरी बायोसमध्ये जाऊन रॅमचा वेग ३८०० केला आणि त्याच्या जोडीनं `FCLK` १९०० ठेवलं. सेव्ह केल्यापासून डिस्प्ले नाही.

इथं संशय आधी रॅमवर जातो, पण दोष बहुधा दुसरीकडे असतो. डीडीआर म्हणजे एका ठोक्यात दोन वेळा डेटा. त्यामुळे ३८०० लिहिलं की खरा ठोका १९०० मेगाहर्ट्झचा. प्रोसेसरच्या आतले भाग जोडणारा मार्गही त्याच ठोक्यावर चालवायचा म्हणून `FCLK` १९०० ठेवलं जातं. या पिढीतले बरेच प्रोसेसर १८०० आरामात घेतात आणि १९०० ला सरळ नकार देतात. रॅम कितीही भारी असली तरी उपयोग होत नाही, कारण मर्यादा प्रोसेसरच्या त्या नगाची असते. शेजारच्याचं १९०० वर चालतं म्हणून आपलं चालेलच असं नाही.

डिस्प्ले का येत नाही, तेही यातून कळतं. पीसी सुरू होताना बायोस आधी प्रोसेसर आणि रॅम जुळवतो आणि ग्राफिक्स कार्डाला त्यानंतर जागं करतो. गाडी आधीच्या टप्प्यावरच अडकली, तर चूक झाली हे सांगायला पडदाच उपलब्ध नसतो. म्हणून बोर्डवरचे `CPU`, `DRAM`, `VGA`, `BOOT` असे छोटे दिवे असतील तर ते बघा. `CPU` किंवा `DRAM` वर दिवा स्थिर असेल तर आपला अंदाज बरोबर आहे. `VGA` वर थांबला असेल तर आधी ग्राफिक्स कार्ड आणि केबल तपासा. या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नाही, त्यामुळे केबल बोर्डच्या एचडीएमआयमध्ये घातली तर सगळं ठीक असूनही डिस्प्ले येणार नाही.

कॅबिनेट उघडण्याआधी मात्र थोडा दम धरा. रॅम जुळली नाही तर बरेच बोर्ड स्वतःच बंद होऊन पुन्हा चालू होतात, असं काही वेळा करतात आणि शेवटी सुरक्षित मूल्यांवर उठतात. पाचेक मिनिटं नुसतं बघा. डीडीआर५ असेल तर दहा मिनिटं द्या, कारण तिथं रॅम जुळवायलाच कितीतरी मिनिटं लागू शकतात. पीसी स्वतःहून बंद-चालू होत असेल तर बोर्ड प्रयत्न करतोय, त्याला करू द्या. एकाच दिव्यावर मख्ख बसून राहिला तरच पुढचं काम.

वीज तोडायचा क्रम

पॉवर बटण पाच सेकंद दाबून पीसी बंद करा. एसएमपीएसच्या मागचं बटण `O` कडे करा आणि वायर उपटा. मग मॉनिटर, यूएसबी, लॅन, सगळ्या केबल काढा. यातली यूएसबीची केबल महत्त्वाची. स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब कधीकधी उलट दिशेनं बोर्डला वीज ढकलतो आणि सगळ्या मेहनतीवर पाणी पडतं.

आता वायर नसताना कॅबिनेटचं पॉवर बटण १५ ते २० सेकंद दाबून धरा. पंखा किंचित हलेल, एखादा दिवा लुकलुकून विझेल. एसएमपीएसमधल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये उरलेली वीज अशी बाहेर काढायची असते. ती उरली तर वायर काढल्यावरही स्टँडबाय लाइन काही काळ जिवंत राहते, आणि वायर काढल्याकाढल्या घाईनं केलेला प्रयत्न नेमका याच कारणानं वाया जातो. बोर्डवरचा शेवटचा दिवा विझेपर्यंत सेलला हात लावू नका.

कॅबिनेट आडवं ठेवा, म्हणजे बोर्ड सपाट येईल आणि सुटलेला स्क्रू खाली कुठं तरी गडप होणार नाही. रंग नसलेल्या पत्र्याला हात लावून मगच बोर्डला हात लावा. पावसाळ्यात आपल्याकडे हवेत इतका ओलावा असतो की स्टॅटिकपेक्षा ओल्या हातांचीच भीती जास्त, तेव्हा हात पुसून घ्या.

सेल बऱ्याचदा ग्राफिक्स कार्डाच्या खाली लपलेला असतो. आधी मोबाइलवर फोटो काढा, मग कार्डाचा स्क्रू काढा, स्लॉटच्या टोकाची कडी दाबा आणि कार्ड सरळ वर उचला. कडी न दाबता ओढलं तर स्लॉट तुटतो, आणि मग बोर्ड खरोखरच जातो.

सेलच्या खोबणीच्या एका बाजूला धातूची छोटी जीभ असते. ती नखानं किंवा प्लॅस्टिकच्या काडीनं बाहेरच्या बाजूला ढकलली की सेल स्वतःच वर उडी मारतो. दुसऱ्या बाजूनं स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका. तिथली स्प्रिंग वाकली तर सेल सैल बसतो आणि पुढे महिनोन्महिने घड्याळ मागे पडत राहतं. अक्षरं असलेली बाजू म्हणजे अधिक, आणि आडव्या खोबणीत ती वर येते.

सेल बाहेर आल्यावर दोन मार्ग आहेत. एक, दहा मिनिटं थांबा. दुसरा, खोबणीतल्या अधिक आणि उणे अशा दोन्ही पट्ट्यांना एकाच वेळी स्क्रूड्रायव्हरचं टोक पाच सेकंद टेकवा, म्हणजे घड्याळाच्या भागात उरलेली वीज लगेच निघून जाते. यासाठी सेल बाहेर आणि वायर उपटलेली, या दोन्ही गोष्टी पक्क्या हव्यात. सेल आत असताना असं केलं तर सेलच शॉर्ट होतो.

बोर्डवर सेटिंग पुसायच्या पिना सापडत असतील तर सेलपेक्षा तोच रस्ता सोपा, कार्ड काढायचीही बऱ्याचदा गरज पडत नाही. असूसच्या बोर्डांवर `CLRTC`, गिगाबाइटवर `CLR_CMOS`, एमएसआयवर `JBAT1`, अॅझरॉकवर `CLRMOS1` किंवा `CLRCMOS1` असं छापलेलं असतं. दोन पिना असतील तर वायर उपटलेली असताना त्यांना पाच-दहा सेकंद स्क्रूड्रायव्हर टेकवा. तीन पिना असतील तर टोपी १-२ वरून काढून तेवढाच वेळ २-३ वर घाला आणि न विसरता परत १-२ वर आणा. टोपी तिथंच राहिली तर काही बोर्ड चालूच होत नाहीत आणि नवीनच शोधाशोध सुरू होते. कोणत्या पिना त्या नक्की माहीत नसेल तर अंदाजानं कुठल्याही दोन पिना जोडू नका. सेलचा रस्ता आहेच.

बाहेर काढलाच आहे तर सेल मोजा

मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून मोजा. नवा सेल ३ व्होल्टच्या थोडा वर दाखवतो. २.७ च्या खाली असेल तर बदलाच. हवा तो सीआर २०३२, म्हणजे २० मिलिमीटर व्यासाचा आणि ३.२ मिलिमीटर जाडीचा. घड्याळवाल्याकडे मिळतो. त्याच्याकडे नसला तर तो सीआर २०२५ पुढे करेल आणि "चालतंय की" म्हणेल. व्होल्टेज तेच असतं हे खरं, पण जाडी २.५ मिलिमीटर, त्यामुळे तो खोबणीत सैल बसतो. चार्ज होणारा एलआयआर २०३२ तर घेऊच नका, त्याचा दाब जास्त असतो. पट्ट्यांवर पांढरी किंवा हिरवट पूड दिसली तर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीनं पुसा आणि पूर्ण वाळू द्या. जुना सेल लहान मुलांच्या हाती लागेल असा ठेवू नका. गिळला तर काही तासांत अन्ननलिका जाळतो.

पुसलं गेलं की नाही, हे कसं ओळखायचं

सेल घाला, कार्ड बसवा, कार्डाची वेगळी पॉवर केबल लावा, आणि आधी फक्त मॉनिटर व कीबोर्ड जोडून पीसी चालू करा. पहिल्यांदा नेहमीपेक्षा जास्त वेळ लागेल. पीसी एकदा-दोनदा स्वतः बंद होऊन चालूही होईल. याच वेळी घाबरून बटण दाबणं ही सगळ्यात महाग पडणारी घाई आहे.

काम झालं असेल तर बहुतेक बोर्ड स्वतःच थांबून एफ१ किंवा डिलीट दाबायला सांगतात, किंवा `CMOS checksum` असा मजकूर दाखवतात. खरी खात्री मात्र बायोसच्या पहिल्या पानावर होते. सेल काढला होता, तर तारीख-वेळ कुठल्या तरी जुन्या वर्षावर गेलेली असली पाहिजे. घड्याळ मिनिटासकट बरोबर असेल तर त्या भागाची वीज तुटलीच नव्हती आणि पीसी उठला तो दुसऱ्या कारणानं. पिना जोडून पुसलं असेल तर ही खूण चालत नाही, कारण काही बोर्डांवर त्या पद्धतीत घड्याळ तसंच राहतं. अशा वेळी रॅमचा वेग बघा. तो २१३३, २४०० किंवा २६६६ अशा साध्या आकड्यावर आला असेल तर सेटिंग पुसली गेली.

विंडोज सुरू होण्याआधी

मूळ मूल्यं म्हणजे तुमच्या पीसीची मूल्यं नव्हेत, आणि इथं नवे गोंधळ जन्माला येतात. आधी तारीख-वेळ लावा. ती चुकीची राहिली तर ब्राउझर प्रत्येक साइटवर सर्टिफिकेटची तक्रार करतो, आणि टॅलीत एंट्री चुकीच्या तारखेला पडली तर ती निस्तरायला दिवस जातो. विंडोजमध्ये गेल्यावर अॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये एवढं चालवलं की वेळ इंटरनेटवरून जुळते:

```
w32tm /resync
```

सर्व्हिस बंद आहे असं उत्तर आलं तर आधी `net start w32time`.

डिस्क रेड किंवा इंटेल आरएसटीवर चालत असतील तर तेच सेटिंग परत निवडा, नाहीतर विंडोज `INACCESSIBLE BOOT DEVICE` देऊन निळं होतं. विंडोज खूप जुन्या पद्धतीनं टाकलेलं असेल आणि डिस्क सापडतच नसेल तर जुन्या पद्धतीनं बूट होऊ देणारं सीएसएम हे सेटिंग बंद झालंय का ते बघा. रायझनवर एखादे वेळी `fTPM`, म्हणजे डिस्कच्या कुलपाची किल्ली सांभाळणारा प्रोसेसरमधला भाग, रीसेट करण्यासाठी `Y` किंवा `N` विचारलं जातं. तिथं `N` दाबा. डिस्कला कुलूप लावणारं विंडोजचं बिटलॉकर चालू असेल आणि `Y` दाबलं गेलं, तर रिकव्हरी कीशिवाय डिस्क उघडत नाही. ही ४८ अंकी की मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवलेली असेल तर मोबाइलवरून `aka.ms/myrecoverykey` इथं मिळते. काही बोर्डांवर टीपीएम मूळ सेटिंगमध्ये बंद असतो. तसं असेल आणि विंडोज की मागत असेल, तर आधी तो चालू करून बघा, बऱ्याचदा तेवढ्यानं भागतं.

महिन्यानं पुन्हा तेच होत असेल

बायोसमध्ये `Profile 1` वगैरे नावानं साठवलेली ओव्हरक्लॉकची सेटिंग फ्लॅशमध्ये असते आणि सेल काढून ती जात नाही. पीसी उठल्यावर लोक फॅनचं आणि बूटचं सेटिंग परत मिळावं म्हणून तीच प्रोफाइल लोड करतात आणि त्याबरोबर `FCLK` १९०० सुद्धा परत येतं. ती प्रोफाइल आधी उडवा.

दुसरी शक्यता अशी, की वेग अगदी काठावरचा आहे. रीस्टार्टला पीसी चालतो, पण रात्रभर बंद राहून सकाळी पहिल्यांदा चालू करताना अडतो. दर वेळी रॅम नव्यानं जुळवताना कधी जमतं, कधी नाही. सेल बदलून हे सुटत नाही, वेग एक पायरी खाली आणावा लागतो. आपल्या उदाहरणात आधी फक्त एक्सएमपी, म्हणजे रॅमच्या कंपनीनं रॅममध्येच साठवलेली वेगाची सेटिंग, लावून ३२०० वर दोन-तीन दिवस काम करा. मग हवंच असेल तर ३६०० आणि `FCLK` १८००, रॅमच्या एक्सएमपीत दिलेल्या १.३५ व्होल्टवरच. एका वेळी एकच आकडा बदला आणि त्यानंतर मेमटेस्ट८६ चे चारही पास पूर्ण होऊ द्या. एक जरी एरर आली तरी मागे या. ड्रॉइंगची फाइल गुपचूप बिघडण्यापेक्षा खऱ्या ठोक्याचे १०० मेगाहर्ट्झ कमी परवडले.

पीसी व्यवस्थित उठतो, विंडोजचा लोगो येतो आणि मग अडतो, असं असेल तर हा रस्ता चुकीचा आहे. ग्राफिक्स कार्डाचं ओव्हरक्लॉक किंवा विंडोजमधल्या सॉफ्टवेअरनं लावलेलं सेटिंग डिस्कवर असतं, सेलशी त्याचा संबंध नाही. सेफ मोडमध्ये जाऊन ते सॉफ्टवेअर काढा.

सगळा क्रम नीट पाळूनही डिस्प्ले नसेल, तर दोन्ही रॅम काढून एकच रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये घाला. चार स्लॉटच्या बोर्डावर तोच सहसा `A2` असतो. कार्ड काढताना रॅम सैल झालेली असणं किंवा प्रोसेसरची आठ पिनांची केबल निसटलेली असणं, हे दोन प्रकार नेहमीचे. एकेक रॅम आलटून पालटून बघूनही `CPU` चा दिवा तसाच राहिला, तर बोर्डला पेन ड्राइव्हवरून बायोस टाकायची सोय आहे का बघा. असली तर नेमका त्याच मॉडेलचा बायोस टाका. आणि वेगाबरोबर व्होल्टेजही बेफाम वाढवलेलं असेल, तर सेल कितीही वेळ बाहेर ठेवून उपयोग नाही. मग तो प्रोसेसर दुसऱ्या चालू बोर्डावर लावून बघणं, एवढीच खात्रीची तपासणी उरते.